मालगुजारीचा रकाना

वर्धा नदीच्या अलीकडे आर्वी, पलीकडे धामणगाव. दोन्हीकडे काळी माती, कापूस आणि तूर, पाऊसही जवळपास सारखाच. पण इंग्रजांच्या दप्तरात ही नदी म्हणजे दोन वेगळ्या जगांची सीमा होती. पश्चिमेचा वऱ्हाड निजामाने १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. तिथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी झाली आणि सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर बसला. ही रयतवारी. पूर्वेचं नागपूरचं राज्य, राजाला वारस नाही या कारणावरून, १८५४ साली खालसा झालं. तिथे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीचा सारा ठरवण्याच्या कामात, गावच्या पाटलाला किंवा वसुलीच्या ठेकेदाराला गावाचा मालकच करून टाकलं. तो मालगुजार. वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा हा बहुतांशी त्याचा मुलूख.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या फरकाचा आजच्या राजकारणाशी संबंध लावता येतो का? अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थतज्ज्ञांनी २००५ साली भारतातल्या जिल्ह्यांसाठी असाच प्रश्न शेती आणि विकासाबद्दल विचारला. त्यांनी प्रत्येक जिल्ह्यापुढे लिहिलं, इंग्रजांच्या काळात इथे जमीनदारी होती की नव्हती. मग स्वातंत्र्यानंतरची पिकं, खतांचा वापर, शाळा, आरोग्य यांचे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. जमीनदारीचे जिल्हे मागे निघाले. महत्त्वाचं म्हणजे कायद्याने जमीनदारी बुडाली तरी हे अंतर मिटलं नाही. हरित क्रांतीच्या काळात तर ते वाढलं. त्यांचा अंदाज असा होता की जिथे गाव मालक आणि कुळांत दुभंगलेलं होतं, तिथल्या लोकांना एकत्र येऊन सरकारकडून शाळा, रस्ता, कालवा पदरात पाडून घेणं जमलं नाही.

मांडणी देखणी आहे, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं वर्गांत शिकवली जाते. पण ती एका रकान्यावर उभी आहे, आणि त्या रकान्यात मध्य प्रांत, म्हणजे आपला पूर्व विदर्भही, बहुतांशी जमीनदारीखाली धरलेला होता. इव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन या तिघांनी २०१३ साली याच नोंदीवर बोट ठेवलं. मध्य प्रांताची पद्धत नीट वाचली तर तिला बंगालसारखी जमीनदारी म्हणता येत नाही, आणि ही नोंद बदलली की मूळ निष्कर्ष टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या देशाबद्दलचा निष्कर्ष मध्य प्रांताच्या नोंदीवर टांगलेला असावा, याची मौज वाटल्याशिवाय राहत नाही.

आता मालगुजार खरोखर कोण होता ते पाहू. बंगालमध्ये १७९३ साली जमीनदाराचा सारा कायमचा ठरला. कुळाकडून किती घ्यायचं हे मात्र बरंचसं त्याच्या मर्जीवर राहिलं. मध्य प्रांतात तसं नव्हतं. इथे बंदोबस्त अधिकारी सरकारचा सारा ठरवायचाच, शिवाय कुळांचा खंडही तोच बांधून द्यायचा. जुन्या कुळांना जमिनीवरून सहजी काढता येत नसे, आणि १८८३ व १८९८ च्या कूळ कायद्यांनी मालगुजाराचे हात आणखी बांधले. शेताच्या बाबतीत तो मालक कमी आणि वसुलीदार जास्त होता. उलट वऱ्हाडही शुद्ध रयतवारी नव्हता. यवतमाळकडे इजाऱ्याने दिलेली गावंच्या गावं होती. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर लावलेली पाटी थोडी थोडी खोटीच.

मग मालगुजारीने काहीच मागे ठेवलं नाही का? ठेवलं, पण ते शेतात शोधून सापडत नाही. शेत सोडून जे उरलं, म्हणजे गावाचं चराऊ रान, झुडपी जंगल, पडीत आणि तलाव, त्यावर मालगुजाराची मालकी खरीखुरी होती. गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावनियमांच्या दस्तऐवजात लिहिलेले असत. लाकूडफाटा, चराई, पाणी, सगळं त्यात. यालाच निस्तार म्हणतात. पण हक्क वापरण्याचा, मालक मालगुजार.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे काही हजार तलाव आहेत. सरकारी कागदात ते ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी मामा तलाव. मालगुजारांनी ते सगळे बांधले असं मात्र नाही. बरेच तलाव त्याआधीचे, गोंड राजांच्या काळातले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. इंग्रजी बंदोबस्ताने आयत्या तलावांवर एकाचं नाव चढवलं एवढंच. तरी त्या नावासोबत एक काम आलं. उन्हाळ्यात तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, माती टाकणं, पावसाळ्यात सांडवा मोकळा ठेवणं, धानाला ताण पडला की पाणी सोडणं, यासाठी गावाला बोलावणारा, आणि वेळेला वेठीलाही धरणारा, माणूस ठरलेला होता. त्याच्या जाचाच्या आठवणी गावात आहेत, त्या पुसायचं कारण नाही.

जुन्या मध्य प्रदेश राज्याने १९५० साली कायदा केला आणि १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारी संपली. मालगुजाराची घरची शेती त्याच्याकडे राहिली, तलाव मात्र सरकारजमा झाले. इथे गोष्ट वळण घेते. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि बहुतेक लहान तलाव त्यांच्याकडे गेले. एका माणसाकडचं काम कितीतरी दप्तरांत वाटलं गेलं. पाळ आणि दुरुस्ती लघुसिंचन विभागाकडे. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. तलावाच्या जमिनीची नोंद आणि अतिक्रमण महसूल खात्याकडे. निस्ताराचा हक्क शेतकऱ्याच्या कागदात.

एखाद्या धानाच्या गावात ऑक्टोबर आला की हे सगळं समोरासमोर येतं. पाऊस लवकर परतला, धान निसवायला आला, शेतकऱ्याला शेवटचं पाणी हवं. ढिवरांना पाणी राहायला हवं, कारण मासळी त्यातच वाढते आणि ठेक्याचे पैसे भरून झालेले असतात. तलावाच्या पोटात, पाणी आटलं की उघडी पडणारी जमीन कुणीतरी कसतो, त्याला तलाव कधी पूर्ण भरूच नये असं वाटतं. तिघांचीही बाजू खोटी नाही. पाणी सोडायची मोरी कधी उघडायची यावर सगळ्यांना बांधणारा निर्णय देणारी एक जागा मात्र नाही, म्हणून निर्णय पुढाऱ्याकडे जातो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पॅनल कसं पडतं, कोण कुणाचं मत फोडतो, याचं उत्तर पुष्कळदा पाळीवर सापडतं. बाहेरून पाहणारा त्याला जातीचं राजकारण म्हणून मोकळा होतो. पाण्याचे, माशांचे आणि पोटजमिनीचे हक्क जातीनुसार विभागलेले आहेत हे त्याला दिसत नाही.

याचं खापर इंग्रजांवर फोडायचं की १९५१ नंतरच्या सरकारवर? तपासायची एक साधी रीत आहे. तलावांचा ऱ्हास बंदोबस्तामुळे झाला असेल तर तलाव १९५१ च्या आधीच गाळाने भरू लागलेले दिसायला हवेत, आणि ज्या गावांत मालगुजार दूर नागपुरात राहायचा तिथे जास्त. खात्यांच्या वाटणीमुळे झाला असेल तर दुरुस्तीच्या नोंदी १९५१ नंतर अचानक तुटायला हव्यात, मालगुजार गावात राहो की न राहो. मध्ये तिसरं कारणही घुसतं. इटियाडोहसारख्या मोठ्या धरणांचं कालव्याचं पाणी आणि विजेचे पंप आले, तिथे तलावाची गरजच घटली. म्हणून कालवा पोचलेली आणि न पोचलेली गावं वेगळी मोजावी लागतात.

आणि भंडाऱ्याची तुलना अकोल्याशी करायची नाही. एकीकडे धान आणि भरपूर पाऊस, दुसरीकडे कापूस. त्यात फरक निघाला तर तो ढगांचा आहे की दप्तराचा, कोण सांगणार? तुलना करायचीच तर आर्वी आणि धामणगावच्या बाजूच्या गावांची करावी, तीही जिल्ह्यावर एक शिक्का मारून नव्हे, तर प्रत्येक गावच्या जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे कागदपत्रांच्या फायलीत, कुळांना कोणता हक्क लिहिला होता ते वाचून. त्या काठावर मामा तलाव नाहीत. त्यामुळे तिथे फरक निघाला नाही, तर शेताच्या मालकीने फारसं बिघडलं नाही एवढंच कळेल; तलावांचा प्रश्न भंडारा-गोंदियातच, गावागावाने सोडवावा लागेल.