गंजिफा : जुन्या संचांचे वयनिदान

गंजिफा हा गोल, हाताने रंगवलेल्या पानांनी खेळायचा डाव होय. इराणी जगातून भारतात आलेल्या या खेळाचा उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तात 1527 च्या सुमारास आढळतो. मोगल गंजिफेत आठ रंगांची 96 पाने असतात, तर महाराष्ट्रात, ओडिशात आणि बंगालमधील विष्णुपुरात रुजलेल्या दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंगांची 120 पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने येतात. कोकणात सावंतवाडी हे या कलेचे मुख्य केंद्र असून तेथील चितारी घराणी लाखकामाबरोबरच गंजिफाही रंगवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ विझली होती. 1970 च्या सुमारास सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी, तिला पुन्हा उभे केले. त्यामुळे आज बाजारात सावंतवाडीचे म्हणून येणारे संच दोन वेगळ्या काळांतले असतात. दोघांची चित्रशैली एकाच परंपरेतली असल्याने केवळ शैलीवरून त्यांचे वय सांगणे धोक्याचे ठरते. प्रस्तुत नोंद मुख्यतः अशा दशावतारी संचांविषयी आहे.

वयनिदानाचे मूळ तत्त्व असे की, पानातील सर्वांत उशिरा उपलब्ध झालेला पदार्थ त्या पानाची जुनेपणाची मर्यादा ठरवतो. जुना कागद नव्या काळात वापरता येतो, परंतु ज्या रंगाचा शोधच लागलेला नव्हता तो रंग कोणत्याही चिताऱ्याला वापरता आला नसता. म्हणून तपासणाऱ्याने जुनेपणाचा पुरावा जमवण्याआधी नवेपणाचा पुरावा शोधावा. तो सापडला नाही, तर तेवढ्यावरून पान जुने ठरत नाही. ते जुने असण्याची शक्यता मात्र शिल्लक राहते.

पानाची घडण समजली की तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून, वाळवून, गोल कापून त्यांची चकती करतात. दर्शनी बाजूस अस्तर देऊन चित्र रंगवले जाते, तर पाठीवर लाखेचा एकरंगी लेप बसतो, कारण पाठीवरून पान ओळखू आले तर खेळच बिघडतो. थर पाहण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे पानाची कड. जेथे लाख उडालेली आहे तेथे दहापट भिंगातून पाहिल्यास कागदाचे पापुद्रे ओळींसारखे दिसतात आणि कापड असेल तर सुताची टोके दिसतात. हाताने कातलेले सूत जागोजागी जाड-बारीक असते, तर गिरणीचे सूत एकसारखे असते. गिरणीचे सूत दिसले तर पान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे असण्याचा संभव वाढतो. याचे उलट अनुमान मात्र चालत नाही, कारण हातमागाची खादी आजही सहज मिळते.

कागदाच्या बाबतीत दख्खनमध्ये जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा येथील हातकागद प्रसिद्ध होता. चिंध्या आणि ताग-अंबाडीसारख्या वनस्पतींच्या लांब तंतूंपासून तो बनत असे आणि खळ देऊन दगडाने घोटला जाई. फाटलेल्या कडेवर लांब, गुंतलेले तंतू लोकरीसारखे बाहेर आलेले दिसतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या यंत्राच्या कागदाची कड आखूड तंतूंची व ठिसूळ असते. तो आम्लामुळे पिवळा-तपकिरी पडतो आणि वाकवला तर तुटतो. याचा परिणाम विचित्र होतो : शंभर वर्षांचा यंत्रकागद दोनशे वर्षांच्या हातकागदापेक्षा अधिक जुना दिसतो, आणि खरेदी करणारे येथेच वारंवार फसतात. थर सुटलेल्या पानात कधी आत रद्दी कागद आढळला आणि त्यावर छापील मजकूर असला, तर त्याच्या टंकावरून व मजकुरावरून पान कोणत्या सालानंतरचे, हे सर्वांत खात्रीने सांगता येते.

अतिनील दिव्याखाली कागदाचा आणखी एक गुण दिसतो. साधारण 1950 नंतरच्या अनेक कागदांत आणि धुण्याच्या पावडरींत प्रकाशवर्धक द्रव्ये असतात. ती अंधारात निळसर पांढऱ्या तेजाने चमकतात. जुना कागद मंद, पिवळसर दिसतो. मात्र हे तेज पानाच्या पृष्ठभागावरच असेल, तर ते नव्या कापडाने पुसल्यामुळेही आलेले असू शकते. म्हणून ते कागदाच्या आतल्या थरात, म्हणजे फाटलेल्या कडेत शोधले पाहिजे.

रंगद्रव्ये हा वयनिदानाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. जुन्या चिताऱ्याजवळ हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, गेरू, नीळ, काजळी, शिशाचा सफेदा आणि तांब्यापासून केलेला जंगाली हिरवा असे रंग असत. नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा तयार होई. हरताळ प्रकाशात फिका पडला की हा हिरवा कालांतराने निळसर होतो. शिशाच्या सफेद्याचे टिपके हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडतात. एखाद्या राजाच्या मुकुटावरचे मोत्यांचे ठिपके करडे-काळे पडलेले दिसले, तर ते मुळात तसे रंगवलेले नव्हते, एवढे ध्यानात घ्यावे. जंगाल तर खालचा कागदच खातो. हिरव्या जागी मागून तपकिरी डाग उमटतो आणि पुढे तेथे भोकही पडते. असे बदल उतावीळपणे घडवून आणणे अवघड असल्याने त्यांना मोठे वजन आहे.

नव्या रंगांच्या तारखा ठाऊक आहेत. प्रशियन निळ्याचा शोध 1704 ते 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये लागला. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा 1828 नंतर व्यापारात आला आणि स्वस्त असल्याने लवकरच सर्वत्र पसरला. जस्ताचा सफेदा जलरंगात 1834 पासून विकला जाऊ लागला. टायटॅनियमचा पांढरा 1916 ते 1921 च्या दरम्यान बाजारात आला, तर आजचा तीव्र फ्थॅलोसायनीन निळा 1935 च्या आगेमागे. शोधाचे वर्ष आणि तो रंग कोकणातल्या चिताऱ्याच्या वाटीत पडण्याचे वर्ष यांत काही दशकांचे अंतर असू शकते, म्हणून या तारखा खालच्या मर्यादा समजाव्यात. अतिनील दिव्याखाली जस्ताचा सफेदा पिवळसर हिरवा चमकतो, टायटॅनियमचा पांढरा गडद दिसतो आणि लाखेचा जुना लेप नारिंगी तेज देतो. निळ्यांमध्ये भेद करण्यास अवरक्त छायाचित्र उपयोगी पडते : नीळ त्यात फिकी होऊन जाते, प्रशियन निळा काळाच राहतो. अल्ट्रामरीन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो, कारण कारखान्यातल्या रंगाचे कण बारीक व सारखे असतात, तर लाजवर्दाच्या दगडाच्या चुऱ्याचे कण ओबडधोबड असतात. पुनरुज्जीवनानंतरच्या संचांत पोस्टर रंगही आढळतात. त्यांची सपाट, खडूसारखी पोत भिंगाखाली लगेच नजरेत येते.

लाखेवर स्पिरिटचा बोळा फिरवून वय पाहण्याची रीत काही विक्रेते सांगतात. नवी लाख चटकन विरघळते आणि जुनी विरोध करते, हे खरे आहे; पण ही चाचणी पानाची पाठ कायमची बिघडवते, आणि धूर किंवा उष्णता देऊन विरोध करणारी लाख तयार करता येते. ती कधीही करू नये. कार्बन-14 पद्धतही येथे फारशी कामाची नाही : 1650 ते 1950 दरम्यानच्या वस्तूंचे वय ती नेमके सांगू शकत नाही. अणुचाचण्यांमुळे 1955 नंतरचा कार्बन वेगळा ओळखू येतो, म्हणून फक्त अगदी नवी नक्कल पकडण्यास ती उपयोगी पडते.

झीज वाचताना खेळ लक्षात ठेवावा लागतो. गंजिफा सहसा तिघांत खेळतात, 120 पाने प्रत्येकी चाळीस अशी सगळी वाटली जातात आणि गोल, जाड पाने कापडावर पसरून मिसळली जातात. शिलकीत एकही पान उरत नाही. त्यामुळे खऱ्या वापराची झीज संपूर्ण संचभर जवळपास सारखी पडते. अंकांच्या पानांना वर-खाली अशी ठाम दिशा नसल्याने त्यांची कड सर्व बाजूंनी झिजते, तर पाठीवर निरनिराळ्या दिशांच्या असंख्य बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. नक्कल करणारा खरवड कागद किंवा तारेचा ब्रश वापरतो, तेव्हा ओरखडे एकाच दिशेने, समांतर जातात आणि त्यांचे काठ तीक्ष्ण राहतात. रंगाचे सर्वांत उंच ठिपके आधी झिजायला हवेत. खोलगट जागी रंग गेला आहे आणि ठिपके मात्र शाबूत आहेत, असे असेल तर संशय घ्यावा. मळही असाच पाहावा. बोटे लागतात त्या कडेला तो दाट असतो आणि मध्याकडे विरळ होतो, शिवाय तो लाखेच्या वर बसलेला असतो. लेपाखाली सर्वत्र एकसारखा तपकिरीपणा आणि रंग उडालेल्या जागेच्या काठावर पाण्याची रेघ दिसली, तर चहाचा किंवा काथाचा हात फिरला आहे असे समजावे.

कोकणाचे हवामान येथे नेहमी घोटाळा करते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सावंतवाडीत घरात ठेवलेले पान बुरसते, वाटीसारखे वाकते, लाख धुरकट होते आणि चिंचोक्याच्या खळीवर कसर व झुरळे येतात. तेच पान देशावर कोरड्या कपाटात राहिले असते, तर दिसायला निम्म्या वयाचे वाटले असते. म्हणून केवळ खराब अवस्था हा वयाचा पुरावा मानत नाहीत. किडीची भोके मात्र वेगळी माहिती देतात : एका पानातले भोक शेजारच्या पानांत सरळ रेषेत गेलेले आढळले, तर ती पाने एकत्र रचून पडली होती हे सिद्ध होते, भोकाच्या काठावर रंग उतरलेला असेल, तर भोक पडल्यावर कोणीतरी पान पुन्हा रंगवले आहे.

उदाहरणादाखल 118 पानांचा एक संच घेऊ. त्यातली 112 पाने एकाच मापाची आणि सहा किंचित लहान आहेत. मोठ्या पानांची कड लांब तंतूंच्या हातकागदाची आहे, पाठीची लाख नारिंगी तेज देते, हिरवा निळसर झाला आहे, मोत्यांचे ठिपके अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकतात आणि एका रंगाच्या पार्श्वभूमीत कारखान्यातला अल्ट्रामरीन दिसतो. टायटॅनियमचा पांढरा कोठेही नाही. जस्ताचा सफेदा आणि अल्ट्रामरीन एकत्र असल्याने ही पाने 1834 नंतरची ठरतात. बाजारात पोहोचण्याचा काळ धरला तर एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची पहिली दोन दशके हा अंदाज योग्य वाटतो. टायटॅनियम नसणे या अंदाजाला अनुकूल आहे, सिद्ध करणारे नाही. उरलेल्या सहा पानांची फाटलेली कड निळसर तेज देते, कागदाचे तंतू आखूड आहेत आणि पाठीवरची ओरखड्यांची जाळी इतरांच्या मानाने विरळ आहे. हरवलेल्या पानांच्या जागी ती 1950 नंतर कोणीतरी करून घेतली, म्हणजे निदान तोवर हा संच घरात खेळला जात होता, असा अर्थ निघतो. आजही दोन पाने कमी आहेत. संच ज्या लाकडी पेटीत आला तिचा व्यास या पानांपेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा निघाला, तर पेटी दुसऱ्या संचाची असण्याची शक्यता आहे. तिच्या वयाचा पानांच्या वयाशी संबंध जोडू नये.