फॉस्डेममध्ये बोलायचंय? प्रस्ताव असा पाठवा

फॉस्डेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद दरवर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये भरते. ऐकायला जाणाऱ्यांना प्रवेश मोफत, नोंदणीही नाही. बोलायचं असेल तर मात्र प्रस्ताव द्यावा लागतो.

पात्रतेसाठी पदवी किंवा कंपनीचं पत्र कोणी मागत नाही. विषय मुक्त सॉफ्टवेअरचा हवा, तिथे स्वतः हजर राहायला हवं आणि भाषणाच्या चित्रीकरणाला तुमची हरकत नसावी.

बहुतेक भाषणं ‘डेव्हरूम’मध्ये होतात. एकेका विषयाची ही दालनं वेगवेगळे स्वयंसेवक चालवतात. प्रत्येकाचं आवाहन, मुदत आणि भाषणाची लांबी वेगळी असते. मुदती साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात. `pretalx.fosdem.org` वर खातं उघडून Track मध्ये योग्य डेव्हरूम निवडा. इथे चुकलात तर प्रस्ताव भलत्याच लोकांच्या यादीत जाऊन पडतो.

खरी मेहनत Abstract वर घ्या. समजा, तुमचा विषय मराठी मजकुराच्या शोधाचा आहे. ‘मराठी शोधातील अडचणी आणि उपाय’ एवढ्यावरून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा (अर्थात इंग्रजीत):

“‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरून किंवा ऱ आणि हलन्त वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. शोधाआधी दोन्ही रूपं एक करणारा छोटा कोड मी दाखवेन आणि तो कुठे अपुरा पडतो तेही सांगेन.”

अडचण, कारण, श्रोत्याच्या हाती काय लागणार आणि मर्यादा, हे सगळं चार-पाच ओळींत आलं. मिनिटांची वाटणी, कोडचा दुवा आणि आधीच्या भाषणाचं चित्रीकरण असेल तर तेही संयोजकांसाठीच्या टिपेत द्या.

Biography मध्ये नोकऱ्यांची जंत्री नको. या विषयात तुम्ही काय केलंय ते दोन-तीन वाक्यांत सांगा: कुठल्या प्रकल्पात काय दुरुस्त केलं, किती काळ त्यावर काम करता. पहिलंच भाषण असेल तर तसं लिहायला लाजू नका. संयोजकांना खात्री हवी असते ती विषयाच्या जाणकारीची.

निवडीचा मेल आला म्हणजे झालं, असं समजू नका. त्यातल्या दुव्यावर जाऊन येणार असल्याची पुष्टी करावी लागते. ती राहिली तर तुमची जागा दुसऱ्याला जाऊ शकते.

प्रस्तावासोबत कागदपत्रं लागत नाहीत, पण भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण 15 दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. निवड बहुधा डिसेंबरच्या मध्यावर कळते, त्यात नाताळच्या सुट्ट्या. म्हणून बँकेचे तपशील आणि प्रवास विमा यांची तयारी निकालाआधीच करा आणि व्हिसा अर्जासाठी भेटीची वेळ मिळतेय का ते पाहत राहा. डेव्हरूमच्या वक्त्याने प्रवासखर्च आपल्याच खिशातून धरून चालावं.