कापलेला लोफ (बेकरीचे मेनूचित्र)

बेकरीच्या मेनूसाठी काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी एक नेहमीचा प्रकार. यात लोफ मधोमध कापून त्याची कापलेली बाजू कॅमेऱ्यासमोर ठेवतात आणि शेजारी एकदोन स्लाइस टेकवतात. मुंबईत लादीपावाला किंवा ब्रूनला अशा चित्राची कधी गरज पडली नाही, कारण गिऱ्हाईक तो समोर पाहून, दाबून घेते. सावरडो, मल्टिग्रेन, मिल्क ब्रेड असे लोफ मात्र मेनूकार्डावरून किंवा फोनवरून मागवले जातात. आतून लोफ कसा आहे हे तेथे चित्रावरूनच कळते, म्हणून तो कापून दाखवावा लागतो.

कापलेल्या बाजूवर दोनच गोष्टी असतात: आतला मऊ गाभा आणि त्याभोवतीचे कवच. गाभ्यातल्या छिद्रांच्या रचनेला जाळी म्हणावे. ढोकळ्याच्या जाळीसारखीच तीही वायूच्या बुडबुड्यांनी पडते. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड ग्लुटेनच्या पडद्यांत अडकतो, भट्टीत फुगतो आणि सुमारे ६० अंशांपुढे स्टार्च पाणी शोषून घट्ट होऊ लागला की बुडबुड्यांचा आकार कायम होतो. सँडविच लोफची जाळी बारीक आणि एकसारखी असते. तिथे मोठे भोक म्हणजे दोष, त्यातून चटणी गळते. सावरडोत पिठाच्या मानाने पाण्याचे प्रमाण सँडविच लोफपेक्षा जास्त असते, त्यामुळे लहानमोठी, वेडीवाकडी छिद्रे पडतात आणि त्यांच्या भिंती किंचित पारदर्शक, ओलसर चमकेच्या दिसतात. ही चमक चित्रात आली तर चित्र जमले असे समजायला हरकत नाही.

मोठी छिद्रे म्हणजे उत्तम सावरडो, हा समज चित्रांनीच पसरवला आहे. वरच्या कवचाखाली एकच लांबट पोकळी आणि तिच्याखाली दाबलेला, घट्ट गाभा दिसत असेल तर पीठ पुरेसे आंबलेले नाही किंवा लोफ वळताना हवेचा मोठा फुगा आत राहिला आहे. तळाशी रबरासारखी ओली पट्टी असेल तर लोफ कच्चा आहे किंवा गरम असतानाच कापला आहे. चांगल्या जाळीत मोठी छिद्रे एका जागी न साचता सगळीकडे विखुरलेली असतात आणि त्यांच्यामधला गाभाही हलका असतो. छायाचित्रकाराला हे ओळखता आले पाहिजे, नाहीतर तो लोफचा दोषच मोठ्या हौसेने मध्यभागी ठेवतो.

कवचाचा रंग मुख्यतः माइलार्ड अभिक्रियेतून येतो. लुई-कामीय माइलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण १४० अंशांपुढे शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात ती वेगाने होते. गाभा १०० अंशांच्या वर जात नाही म्हणून तो पांढरट राहतो आणि कोरडे पडलेले कवच तेवढे तांबूस होते. मुंबईच्या उकाड्यात या रंगाची एक खास अडचण आहे. ३२ अंशांच्या खोलीत पीठ भराभर आंबते. वेळेवर आवरले नाही तर यीस्ट शर्करा संपवून टाकते आणि लोफ कितीही वेळ भाजला तरी फिकट, राखाडी दिसतो. असा लोफ नंतर फोनवर केशरी करता येतो, पण मग गाभाही पिवळा पडतो आणि लबाडी लगेच कळते. त्यापेक्षा पीठ मळताना थंड पाणी घ्यावे आणि आंबवण्याचा शेवटचा टप्पा फ्रिजमध्ये करावा. लोफवर भाजण्याआधी दिलेल्या चिरेजवळ बदामी, माथ्यावर तांबूस आणि चिरेच्या उचललेल्या कडेवर जवळजवळ काळपट, अशा तीनचार छटा एकाच कवचावर दिसल्या तर तो नीट भाजला आहे. मिल्क ब्रेडवर त्या शोधू नयेत; तिथे वरून फिरवलेल्या दुधाने एकसारखा तकतकीत रंग येतो.

कापण्याची घाई करू नये. भट्टीतून काढलेल्या लोफमधला स्टार्च थंड होतानाच बसत असतो. तोवर सुरी लावली की गाभा पात्याला चिकटतो, भिंती फाटतात आणि जाळी लिंपल्यासारखी दिसते. मोठ्या लोफला दोनतीन तास तरी द्यावेत, तेही तारेच्या स्टँडवर, उघडे. मात्र पावसाळ्यात फार वेळही थांबता येत नाही. आतली वाफ बाहेर येत असते, दमट हवेत ती सुकत नाही आणि दुपारपर्यंत कवच मऊ पडून सुरकुतते. कापायला लांब दातेरी सुरी घ्यावी, लोफ कुशीवर ठेवावा आणि दाब न देता करवतीसारखी सुरी चालवावी. टोकांकडे जाळी घट्ट असते, म्हणून मधला भाग निवडावा. कापल्याबरोबर पंखा बंद करावा. हे मुंबईत कुणालाच आवडत नाही, पण पंख्याखाली कापलेली बाजू काही मिनिटांत कोरडी पडते आणि भिंतींची चमक जाते. तसे झाले तर अर्ध्या सेंटिमीटरची चकती काढून नवी बाजू उघडावी. सांडलेला चुरा मऊ ब्रशने बाजूला करावा, थोडा राहू द्यावा.

आता प्रकाश. अशा चित्रासाठी मऊ प्रकाश हवा, हे सगळेच सांगतात. तो कुठून यावा हे मात्र बहुधा राहून जाते, आणि बहुतेक चित्रे तिथेच फसतात. प्रकाशाचा मऊपणा हा उगमाच्या आकारावर अवलंबून असतो. लोफच्या मानाने उगम जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा विरघळलेल्या. मीटरभर रुंद खिडकीजवळ ठेवलेल्या लोफला मऊ प्रकाश मिळतो, छताच्या उघड्या बल्बखाली कठोर. पण मऊ प्रकाशही समोरून आला तर प्रत्येक छिद्र तळापर्यंत सारखेच उजळते आणि गाभा पांढऱ्या कागदासारखा सपाट दिसतो. जाळी दिसते ती छिद्राची एक भिंत उजळ आणि दुसरी सावलीत गेल्यावर. त्यासाठी प्रकाश बाजूने, किंचित मागून, कापलेल्या बाजूला घासून जाईल असा यावा लागतो. मागून आलेला थोडा प्रकाश पातळ भिंतींतून झिरपतो आणि त्या उजळतात.

उत्तरेकडची खिडकी चांगली, हा छायाचित्रणातला जुना सल्ला. मुंबईत तो वर्षभर लागू पडत नाही. शहर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर या काळात सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन येऊ शकते. त्यातले पावसाळ्याचे दिवस ढगांमुळे सुसह्य होतात. एप्रिल-मेमध्ये मात्र खिडकीवर मलमल किंवा पांढरा पातळ पडदा लावावाच लागतो. त्याने ग्रिलच्या सावल्याही जातात. समोरच्या इमारतीचा रंग हा आणखी एक त्रास. हिरव्या भिंतीवरून परतलेला प्रकाश गाभ्याला बुरशीची झाक देतो, आणि पावसाळ्यात शेजारच्या छपरावर निळी ताडपत्री अंथरली की पांढरा पाव निळसर होतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लोफशेजारी ठेवलेल्या करड्या कार्डावर बसवला की यातले बरेचसे निघते. खोलीतली ट्यूबलाइट चालू ठेवली तर मात्र निघत नाही, कारण मग लोफची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची होते.

उदाहरणादाखल दादरमधली एक लहान बेकरी धरू. नोव्हेंबरची सकाळ, उत्तरेकडे एक ग्रिलची खिडकी, शेजारी कडाप्प्याचा ओटा आणि फोनचा कॅमेरा. लोफ सावरडोचा: ५०० ग्रॅम पीठ, ३७५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम आंबवण. तो पावणेसातला भट्टीतून निघाला, साडेदहाला कापला. पहिल्या फोटोत खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी आहे. कवच ठीक दिसते, पण गाभा चुन्यासारखा. लोफ आणि फोन दोन्ही पाव फेरी फिरवले की खिडकी डावीकडे येते आणि जाळी एकदम उठते. आता छिद्रांच्या उजव्या भिंती उजळ आहेत, डाव्या सावलीत, आणि कवचाचा उजवा भाग मात्र अंधारात बुडाला आहे. म्हणून उजवीकडे पांढरा पुठ्ठा उभा करायचा. वीतभर अंतरावर ठेवला तर तो छिद्रांतली सावलीच पुसून टाकतो. दोन हात मागे नेला की कवचाचा तांबूस रंग परत येतो आणि जाळीही टिकते. शेवटी फोनवर गाभ्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढायचा, कारण गडद ओट्यामुळे फोन गोंधळतो आणि गाभा जास्तच उजळ करतो. सगळ्यात मोठे छिद्र तपासायचे: त्याचा उजळ काठ पांढराफटक झालेला नसावा आणि सावलीतला तळ दिसत असावा. या दोन्ही गोष्टी साधल्या तर बाकीचे फोटो काढायची गरज नाही.

फोन लोफच्या फार जवळ नेला तर पुढची स्लाइस प्रमाणाबाहेर फुगते. थोडे मागे जाऊन २x भिंग वापरणे बरे. स्लाइस दोन सेंटिमीटर जाडीची ठेवावी, पातळ स्लाइस लवते. तपशील धारदार करणारे फिल्टर वापरू नयेत. त्यांनी प्रत्येक छिद्राला काळी रेघ येते आणि ताजा लोफ शिळ्या स्पंजासारखा दिसतो.

चित्राखालची ओळ चित्रात दिसते त्याबद्दलच असावी. ‘मोकळी, ओलसर जाळी, गडद तांबूस, कुरकुरीत कवच’ एवढे पुरते. ‘कुरकुरीत’ हा शब्द पावसाळ्यातल्या घरपोच ऑर्डरला खरा ठरत नाही, कारण पिशवीत बंद झालेले कवच वाटेतच मऊ पडते; त्या महिन्यांत तो काढावा किंवा ‘घरी पाच मिनिटे ओव्हनमध्ये गरम करा’ अशी सूचना जोडावी. मेनूतले चित्रही जाहिरातीत मोडू शकते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये कारवाईची तरतूद आहे. तेव्हा खास फोटोसाठी ज्यादा पाणी घालून भाजलेला लोफ मेनूवर छापू नये. रोजच्या घाण्यातले दोन लोफ घ्यावेत, दोन्ही कापावेत आणि बरी जाळी पडलेल्याचा फोटो काढावा.