घातांक सांगतात विभाजक किती, पण बेरीज कोण सांगतं?

३६० चे विभाजक किती, असं विचारलं की बहुतेक जण १, २, ३, ४ करत यादी लिहायला बसतात. यादी होतेही, पण १८ किंवा २४ सारखा एखादा विभाजक हमखास निसटतो, आणि निसटला हे कळायला काही मार्ग नसतो. त्यापेक्षा आधी ३६० चे मूळ अवयव पाडावेत, म्हणजे ही संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडावी:

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५

यात २ तीनदा येतो, ३ दोनदा आणि ५ एकदा. म्हणजे २ चा घातांक ३, ३ चा घातांक २ आणि ५ चा घातांक १. ३६० चा कोणताही विभाजक घ्या, त्याच्यात ७ किंवा ११ सारखा नवा मूळ अवयव येऊच शकत नाही, कारण तो ३६० मध्येच नाही. शिवाय २ हा तीनपेक्षा जास्त वेळा, ३ दोनपेक्षा जास्त वेळा आणि ५ एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकत नाही. उलट बाजूने पाहिलं तर या मर्यादेत बसणारी कुठलीही निवड केली की ३६० चा विभाजकच मिळतो.

तर विभाजक तयार करणं म्हणजे तीन निर्णय घेणं. २ किती घ्यायचे? शून्य, एक, दोन किंवा तीन, म्हणजे चार पर्याय. ३ किती? शून्य, एक किंवा दोन, असे तीन पर्याय. ५ घ्यायचा की नाही? दोन पर्याय. एकूण ४ × ३ × २ = २४ विभाजक. प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. हा मिळवलेला १ म्हणजे ‘अजिबात न घेण्याचा’ पर्याय, आणि घाईत नेमका तोच विसरला जातो. तो विसरला तर ३ × २ × १ = ६ एवढंच उत्तर येतं. हे सहा विभाजक म्हणजे २, ३ आणि ५ या तिघांनीही भाग जाणारे, म्हणजे ३०, ६०, ९०, १२०, १८० आणि ३६०. बाकीचे अठरा गळून जातात.

वेगवेगळ्या निवडींतून एकच विभाजक दोनदा येणार नाही कशावरून? कोणतीही संख्या मूळ अवयवांत एकाच प्रकारे मांडता येते, अवयवांचा क्रम सोडून. म्हणून निवड वेगळी की संख्या वेगळी. ही खात्री नसती तर वरचा गुणाकार काही कामाचा नव्हता.

आता या सगळ्या विभाजकांची बेरीज. इथे त्या तीन निर्णयांनाच कंसांचं रूप द्यायचं:

(१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ५)

हे कंस सोडवले तर काय होईल? प्रत्येक पद पहिल्या कंसातला एक आकडा, दुसऱ्यातला एक आणि तिसऱ्यातला एक यांच्या गुणाकारानं बनेल. पहिल्यातून ४, दुसऱ्यातून ३, तिसऱ्यातून ५ उचलले की ६०. १, ९ आणि १ उचलले की ९. ८, १ आणि ५ उचलले की ४०. अशी चोवीस पदं होतात आणि ती म्हणजेच ३६० चे चोवीस विभाजक, एकेकदा, एकही न गळता. त्यामुळे कंस सोडवायची गरजच नाही. आतली बेरीज करून थेट गुणायचं: १५ × १३ × ६ = ११७०. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. चोवीस आकड्यांची बेरीज आपण एकही विभाजक न लिहिता केली.

घातांक मोठा असेल तर कंसातली बेरीजही एकेक करून करायला नको. १, २, ४, ८ अशी मालिका असेल तर पुढची घात, म्हणजे १६, घ्यायची आणि त्यातून १ वजा करायचा, की १५. पाया ३ असेल तर पुढची घात २७, त्यातून १ वजा केला की २६, आणि त्याला ‘पाया वजा एक’ म्हणजे २ ने भागलं की १३. पाया २ असताना हा भागाकार १ नेच होतो, म्हणून तो दिसत नाही इतकंच.

दोन्ही रीती सारख्या दिसतात, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे. ४२० घ्या: २ × २ × ३ × ५ × ७. विभाजक ३ × २ × २ × २ = २४, म्हणजे ३६० इतकेच. बेरीज मात्र ७ × ४ × ६ × ८ = १३४४. विभाजक मोजताना आपण फक्त घातांक पाहतो. मूळ संख्या २ आहे की १०१, याच्याशी मोजणीला देणंघेणं नाही. बेरीज मात्र प्रत्येक मूळ संख्या लक्षात ठेवते.

मोजणीचा हा विसरभोळेपणा कधी सोयीचाही ठरतो. बरोबर चोवीस विभाजक असलेली सर्वात लहान संख्या शोधायची आहे, असं समजा. २४ चे १ पेक्षा मोठे अवयव पाडायचे आणि प्रत्येकातून १ वजा करून घातांक काढायचे. ६ × ४ पाडले तर घातांक ५ आणि ३. मोठा घातांक सर्वात लहान मूळ संख्येला द्यायचा, की ३२ × २७ = ८६४. ६ × २ × २ मधून ४८० मिळते आणि ३ × २ × २ × २ मधून ४२०. ४ × ३ × २ मधून आपली ३६०. उरलेल्या मांडण्या हजाराच्या पुढे जातात. तेव्हा ३६० हीच सर्वात लहान.

चुका कुठे होतात? सर्वात फसवी चूक म्हणजे संख्येचे असे तुकडे करणं ज्यांच्यात मूळ अवयव सामाईक आहे. ३६० = ३६ × १० हे खरंच. ३६ चे विभाजक ९, १० चे ४, मग गुणाकार ३६? पण खरे तर २४ आहेत. गडबड अशी की २ हा ३६ मध्येही आहे आणि १० मध्येही. ३६ मधून २ आणि १० मधून १ घेतला तरी २ मिळतो, ३६ मधून १ आणि १० मधून २ घेतला तरी २ च. एकच विभाजक दोनदा मोजला गेला. बेरीजही तशीच फुगते: ९१ × १८ = १६३८. ८ × ४५ असे तुकडे केले असते तर काही बिघडलं नसतं, कारण ८ आणि ४५ सहमूळ आहेत: ४ × ६ = २४.

दुसरी नेहमीची चूक बेरजेत होते. मूळ संख्येचा वर्ग असला की कंसात १ आणि वर्ग एवढंच लिहिलं जातं, मधलं पद राहून जातं. ११ च्या वर्गाचा कंस १ + १२१ नव्हे, १ + ११ + १२१ = १३३.

चूक झाली का, हे पटकन तपासायच्या दोन खुणा आहेत. विभाजक जोड्यांनी येतात, ३६० मध्ये ८ आणि ४५, १८ आणि २० असे. जोडी स्वतःशीच जुळते ती फक्त वर्गसंख्येत, तिच्या वर्गमुळापाशी. म्हणून विभाजक विषम आले आणि संख्या वर्गसंख्या नसेल, तर उत्तर चुकलंच. बेरजेचं असं आहे की २ च्या कंसातली बेरीज नेहमी विषम असते. विषम मूळ संख्येचा कंस सम होतो तो तिचा घातांक विषम असेल तेव्हा, कारण तेव्हा त्यात सम संख्येनं विषम पदं असतात. म्हणून बेरीज विषम येते ती फक्त वर्गसंख्येची किंवा वर्गसंख्येच्या दुपटीची.

ही रीत हाताशी असली की मित्रसंख्या तपासणं सोपं होतं. दोन संख्यांपैकी प्रत्येकीच्या, ती स्वतः सोडून, बाकी विभाजकांची बेरीज म्हणजे दुसरी संख्या, अशी ही जोडी. २२० आणि २८४ ही सर्वात लहान जोडी प्राचीन काळापासून माहीत होती. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने अशा डझनावारी जोड्या शोधल्या. पण १८६६ मध्ये इटलीतल्या निकोलो पागानिनी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं (प्रसिद्ध व्हायोलिनवादकाशी याचं फक्त नामसाधर्म्य) ११८४ आणि १२१० ही जोडी दाखवली. सर्वात लहान जोड्यांत हिचा क्रमांक दुसरा, आणि तरी ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती.

पडताळून पाहू. ११८४ मध्ये २ पाच वेळा आणि ३७ एकदा. बेरीज ६३ × ३८ = २३९४. त्यातून ११८४ वजा केले की १२१०. आता १२१० = २ × ५ × ११ × ११. बेरीज ३ × ६ × १३३ = २३९४. तेवढीच! १२१० वजा केले की ११८४. मधलं ११ विसरून १३३ च्या जागी १२२ लिहिले असते, तर बेरीज २१९६ आली असती आणि मैत्री तुटली असती.

या सगळ्याला एकच अट आहे: आधी मूळ अवयव हवेत. दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारानं बनलेली संख्या असेल तर ते शोधणं फार अवघड. मग अवयव न पाडताच विभाजकांची बेरीज काढायची एखादी चोरवाट असेल का? असेल, तर तिनं अवयवच उघडे पडतील. ८६३३ ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे एवढंच माहीत आहे, आणि कुणीतरी तिच्या विभाजकांची बेरीज ८८२० असल्याचं सांगितलं, असं समजा. विभाजक चारच: १, ८६३३ आणि त्या दोन मूळ संख्या. म्हणून दोघींची बेरीज ८८२० − ८६३४ = १८६. गुणाकार ८६३३ आहेच. बेरजेचा वर्ग ३४५९६, त्यातून गुणाकाराची चौपट ३४५३२ वजा केली की ६४ उरतात, म्हणजे दोघींतला फरक ८. बेरीज १८६, फरक ८: त्या संख्या ९७ आणि ८९.

विभाजक चार आहेत, एवढंच सांगितलं असतं तर आपल्याला नवं काहीच कळलं नसतं. बेरीज सांगणं मात्र अवयव सांगण्याइतकंच झालं. म्हणून अशा मोठ्या संख्यांच्या विभाजकांची बेरीज काढणं अवयव पाडण्याहून सोपं असू शकत नाही. २०२० मध्ये आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव सापडले, तेव्हा त्या हिशेबाला एकाच प्रोसेसर-गाभ्यावर सुमारे २७०० वर्षं लागली असती एवढं काम अनेक यंत्रांत वाटून करावं लागलं. तिचे विभाजक चार आहेत, हे अवयव हाती येण्याआधीच माहीत होतं. त्यांची बेरीज अवयव सापडल्यावरच लिहिता आली.