फेसबुक मार्केटप्लेस मिळत नाही किंवा काढून घेतलं : खात्याचं वय, विक्रीचे नियम आणि फेरतपासणीचा अर्ज

घरातला जुना फ्रिज विकायला काढावा, फेसबुक उघडावं, तर मार्केटप्लेसचं दुकानाचं चिन्हच गायब. किंवा चिन्ह आहे, पण दाबलं की ही सुविधा तुम्हाला उपलब्ध नाही असा निरोप. बहुतेक जण इथे एकच चूक करतात : काय झालंय ते न बघता दुसरं खातं उघडतात. ती चूक का, ते पुढे येईलच. आधी आपल्याला सुविधा अजून मिळालेलीच नाही, की मिळालेली काढून घेतली, हे ओळखायला हवं.

चिन्ह नुसतंच दिसत नसेल तर आधी साध्या गोष्टी पाहा. तुम्ही स्वतःच्या प्रोफाइलवरून तुमच्या पेजवर गेला असाल (घरगुती मसाल्यांचं, शिवणकामाचं पेज चालवणाऱ्यांचं हे हमखास होतं), तर मार्केटप्लेस दिसणार नाही. परत मूळ प्रोफाइलवर या. एकाच खात्यात काढलेल्या दुसऱ्या, जोड प्रोफाइलवरही ही सुविधा मिळेल असं धरून चालू नका. ती मुख्य प्रोफाइलशी बांधलेली असते. दुसरी गोष्ट जन्मतारखेची. फेसबुकवर खातं तेराव्या वर्षी काढता येतं, पण मार्केटप्लेससाठी 18 वर्षं पूर्ण लागतात. इथे वय म्हणजे तुमचं खरं वय नव्हे, खात्यात नोंदलेलं वय. घाईत कुठलीतरी तारीख टाकून खातं उघडलेला पस्तिशीचा माणूसही त्या नोंदीनुसार अल्पवयीन ठरू शकतो. तारीख सुधारता येते, पण वारंवार नाही, म्हणून एकदाच आणि ओळखपत्राप्रमाणे सुधारा.

आता खात्याचं वय. खातं किती दिवसांचं झालं की मार्केटप्लेस मिळतं, याचा आकडा कंपनीने जाहीर केलेला नाही. कोणी तीस दिवस सांगतं, कोणी साठ. हे सगळे ऐकीव आकडे आहेत. जाहीर अट एवढीच, की नव्या खात्यांना ही सुविधा लगेच मिळेलच असं नाही. कारण उघड आहे. फसवणूक करणारा सकाळी खातं उघडतो, दुपारी निम्म्या किमतीत आयफोन लावतो, संध्याकाळी आगाऊ रक्कम घेऊन नाहीसा होतो. त्यामुळे नुसते दिवस मोजले जात नाहीत, खातं खऱ्या माणसाचं वाटतं का तेही पाहिलं जातं. खरं नाव, खात्रीचा मोबाइल नंबर, ओळखीतले मित्र आणि नेहमीचा वापर असलेलं खातं वाट पाहण्यातून लवकर सुटतं. एका दिवसात शंभर जणांना मैत्रीची विनंती पाठवून खातं ‘जुनं’ होत नाही, उलट संशय वाढतो. दुसरं खातं उघडू नका म्हणतो ते याचसाठी : नवं खातं पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहतं, आणि जुन्यावर बंदी असेल तर ती चुकवायला काढलेलं म्हणून तेही अडकतं.

काढून घेतलेल्या सुविधेची गोष्ट निराळी. तिच्यामागे बहुधा विक्रीचे नियम असतात, ज्यांना फेसबुक Commerce Policies म्हणतं. हे नियम भारतीय कायद्यापेक्षा कडक आहेत. दुकानात राजरोस मिळणारी वस्तूही इथे विकता येत नाही, आणि गोंधळ तिथेच होतो.

समजा, पुण्यातलं एक कुटुंब बदलीमुळे नागपूरला चाललं आहे. त्यांनी एका रविवारी पाच जाहिराती टाकल्या : फ्रिज, पलंग, रक्तदाब मोजायचं यंत्र, सील न फोडलेला प्रोटीन पावडरचा डबा आणि पक्ष्यांचा पिंजरा. फ्रिज आणि पलंग लागले. यंत्र नाकारलं गेलं, कारण वैद्यकीय उपकरणं चालत नाहीत. थर्मामीटर आणि प्रथमोपचार पेटीलाही तोच नियम. डबा नाकारला गेला, कारण पोटात घ्यायचे पूरक पदार्थ निषिद्ध आहेत. पिंजऱ्याला खरं तर हरकत नव्हती, पण फोटोत आत दोन लव्हबर्ड बसलेले आणि मजकुरात ‘पक्ष्यांसह’ हा शब्द. प्राण्यांची विक्री चालत नाही, मग ते लव्हबर्ड असोत, कुत्र्याचं पिल्लू असो की गोठ्यातली म्हैस. जाहिरातींची पहिली तपासणी बहुतांशी फेसबुकची संगणक प्रणालीच करते, आणि ती फोटो, मथळा, वर्णन सगळं पाहते.

इथवर फार बिघडलेलं नव्हतं. नाकारलेली जाहिरात म्हणजे बंदी नव्हे. पण घरातल्यांना वाटलं काहीतरी तांत्रिक अडचण आहे, आणि त्यांनी त्याच तीन जाहिराती मथळा थोडा बदलून पुन्हापुन्हा लावल्या. वारंवार नियमभंग म्हणून पूर्ण मार्केटप्लेस बंद झालं, फ्रिजची जाहिरातही गेली.

आता अर्ज. शक्यतो संगणकावरून facebook.com/marketplace उघडा. बंदीचा निरोप येतो तिथेच Request Review हे बटण असतं. ते दाबल्यावर आलेला छोटा फॉर्म भरून पाठवा. उत्तर साधारण आठवड्याभरात Support Inbox मध्ये येतं, ईमेलवरच डोळे लावून बसू नका. एकच जाहिरात चुकून नाकारली असेल, तर तुमच्या जाहिरातींच्या यादीत जाऊन त्याच जाहिरातीपुरती फेरतपासणी मागता येते. संपूर्ण बंदी येण्याआधी हा मार्ग वापरणं केव्हाही बरं.

फॉर्ममध्ये काय लिहायचं? ‘मी काहीच चूक केलेली नाही, कृपया सुरू करा’ याने तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या कुटुंबाने असं लिहावं : ‘घर बदलताना घरातल्या वापरलेल्या वस्तू विकत होतो. वैद्यकीय उपकरण, पूरक आहार आणि पक्षी चालत नाहीत हे माहीत नव्हतं. त्या जाहिराती काढून टाकल्या आहेत. आता फक्त फर्निचर आणि फ्रिज विकायचा आहे.’ चार वाक्यं पुरतात. आणि अर्ज करण्याआधी त्या जाहिराती खरोखर काढलेल्या असाव्यात.

कागदपत्रं या अर्जाला सहसा लागत नाहीत. पण ओळखीबद्दल शंका आली तर सरकारी ओळखपत्राचा फोटो मागितला जातो. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पॅन कार्ड चालतं. खरी अडचण नावाची येते : प्रोफाइलवर ‘बंड्या पाटील’ आणि परवान्यावर वेगळंच नाव. नाव आधीच जुळवून ठेवा, कारण एकदा बदललं की पुढचे 60 दिवस पुन्हा बदलता येत नाही. फोटोत कार्डाचे चारही कोपरे आणि अक्षरं स्पष्ट दिसायला हवीत, आणि फोटो फक्त फेसबुकच्या आतल्या पानावरच चढवायचा. ‘हजार रुपयांत मार्केटप्लेस चालू करून देतो’ म्हणत मेसेंजरवर ओळखपत्र किंवा ओटीपी मागणाऱ्याच्या हातात बंदी उठवण्याचं कोणतंही बटण नसतं.

अर्ज फेटाळला गेला तर खरेदी-विक्रीच्या ग्रुपकडे वळावंसं वाटतं, पण विक्रीचे नियम तिथेही तेच आहेत. त्या कुटुंबाने फ्रिजचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा, आणि रक्तदाबाचं यंत्र शेजारच्या आजोबांना देऊन टाकावं.