कार्बोनिल की हायड्रॉक्सिल: आयआर ग्राफवरचे दोन खड्डे

सायक्लोहेक्झॅनॉल आणि सायक्लोहेक्झॅनोन. नावात फक्त शेवटचा फरक, दोन्ही रंगहीन, उत्कलनबिंदू १६१ आणि १५५ अंश. प्रॅक्टिकलच्या टेबलावर बाटलीचं लेबल पुसलं गेलं की नुसतं बघून यातलं कुठलं कुठलं, हे सांगता येत नाही. पुण्याच्या थंडीत सायक्लोहेक्झॅनॉल बाटलीत गोठतं, कारण त्याचा वितळणबिंदू २५ अंशांच्या आसपास आहे. पण त्यात जरा पाणी शिरलं असेल तर ते द्रवच राहतं, त्यामुळे ही खूणही भरवशाची नाही. आयआर, म्हणजे नमुना कुठला अवरक्त प्रकाश शोषतो याची तपासणी, मात्र दोन मिनिटांत निकाल देते. अट एवढीच की ग्राफ नीट वाचता आला पाहिजे.

आडव्या अक्षावर तरंगसंख्या असते, एकक cm⁻¹. डावीकडे ४०००, उजवीकडे ४०० किंवा ६०० पर्यंत. उभ्या अक्षावर किती प्रकाश आरपार गेला त्याची टक्केवारी. म्हणून रेणूने प्रकाश शोषला की रेघ खाली जाते. आपण त्याला बोलताना पीक म्हणतो, पण डोळ्यांना दिसतो तो खड्डाच. कार्बोनिलचा म्हणजे C=O चा खड्डा १७१५ च्या आसपास, हायड्रॉक्सिलचा म्हणजे O–H चा ३३०० ते ३४०० च्या पट्ट्यात. पाठांतर इथे संपतं आणि चुकाही इथूनच सुरू होतात, कारण विद्यार्थी आकडा शोधतात आणि आकाराकडे बघत नाहीत.

C=O चा खड्डा विहिरीसारखा असतो: अरुंद, खोल, सरळ खाली गेलेला. बहुतेक ग्राफमध्ये तो सगळ्यात ठळक दिसतो. O–H चा खड्डा दरीसारखा: ३२०० च्या अलीकडून हळूच उतरायला लागतो, ३५५० च्या पलीकडे वर येतो, तळ गोलसर. हा फरक योगायोगाने पडलेला नाही. C=O बंधात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून बसलेला असतो. बंध ताणला-आखडला की विद्युतभाराची मांडणी जोरात हलते आणि प्रकाश भरपूर शोषला जातो, म्हणून खोली. शिवाय शुद्ध द्रवातही सगळ्या रेणूंचे C=O जवळजवळ एकसारख्या परिस्थितीत असतात, सगळे एकाच सुरात, म्हणून अरुंदपणा.

O–H चं तसं नाही. अल्कोहोलच्या द्रवात प्रत्येक O–H शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरून असतो. कुणी घट्ट, कुणी सैल, कुणी दोन शेजाऱ्यांच्या मध्ये अडकलेला. जितकी पकड घट्ट तितका O–H बंध ढिला पडतो आणि तितका तो खालच्या तरंगसंख्येला शोषतो. कोट्यवधी रेणूंची ही थोडी थोडी वेगळी उत्तरं एकावर एक रचली की दरी तयार होते. हे पडताळूनही बघता येतं. तेच अल्कोहोल कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये खूप पातळ करा. रेणू एकमेकांपासून लांब गेले की दरी ओसरते आणि ३६०० च्या वर एक बारीक, टोकदार पीक उभं राहतं. तो एकटा पडलेला O–H. मला आयआरमधला हा सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. कार्बन टेट्राक्लोराइड विषारी आहे, त्यामुळे आता तो सहसा कुणी करून दाखवत नाही.

दोघं एकमेकांपासून इतके लांब का बसतात, हेही थोडक्यात. बंध म्हणजे स्प्रिंग मानली तर C=O ची स्प्रिंग अधिक ताठ आहे, म्हणून तो वरच्या आकड्याला असायला हवा. पण O–H च्या एका टोकाला हायड्रोजन आहे, अगदी हलका. हलकं वजन टांगलेली स्प्रिंग भराभर हलते. हायड्रोजनचा हा हलकेपणा स्प्रिंगच्या ताठपणावर मात करतो आणि O–H ३००० च्या वर जाऊन बसतो.

एवढं कळलं तर शुद्ध नमुना ओळखणं सोपं आहे. खरी गंमत येते ती अर्धवट नमुन्यात.

आमच्या लॅबमध्ये सायक्लोहेक्झॅनॉलचं सायक्लोहेक्झॅनोन करायचं प्रॅक्टिकल असतं. अॅसिटिक आम्ल घालून सोडियम हायपोक्लोराइटने ऑक्सिडेशन, मग वाफेबरोबर ऊर्ध्वपातन, मीठ घालून थर वेगळे करायचे आणि वरचा थर घ्यायचा. एका विद्यार्थिनीने तिच्या द्रवाचा आयआर काढला. १७१३ ला सुरेख विहीर. पण ३४०० ला एक दरीही. ती म्हणाली, "सर, रिअॅक्शन अर्धीच झाली. पुन्हा करते."

मी तिला थांबवलं. ३४०० ची दरी म्हणजे O–H, एवढं खरं. पण O–H पाण्यातही असतो. मिठाच्या द्रावणातून काढलेल्या थरात पाणी असणारच, आणि सायक्लोहेक्झॅनोन पाणी चांगलंच धरून ठेवतं. तेव्हा दरी अल्कोहोलची की पाण्याची, हे ठरवायला ३४०० कडे कितीही वेळ बघून उपयोग नाही. उत्तर ग्राफच्या दुसऱ्या टोकाला असतं.

अल्कोहोलमध्ये O–H बरोबर C–O बंधही असतो. सायक्लोहेक्झॅनॉलचा C–O १०६८ ला ठसठशीत खड्डा पाडतो. पाण्यात कार्बनच नाही, त्यामुळे तिथे पाण्याला काही देता येत नाही. उलट पाण्याचा रेणू वाकतो, आणि त्याचं पीक १६४० च्या आसपास येतं. अल्कोहोलला ते नसतं. तिच्या ग्राफवर १०६८ ला जवळपास सपाट रेघ होती आणि १७१३ च्या विहिरीच्या उजव्या काठाला १६४० पाशी एक छोटासा खांदा. म्हणजे पाणी.

तरी खात्री करून घ्यायची होती. तिने द्रवात निर्जल मॅग्नेशियम सल्फेट टाकलं. सुरुवातीला त्याचे गोळे होत होते, म्हणून आणखी थोडं घातलं, इतकं की हलवल्यावर पूड सुटी तरंगायला लागली. पंधरा मिनिटं ठेवलं, गाळलं, पुन्हा आयआर काढला. दरी गेली, खांदाही गेला. विहीर होती तिथेच होती. रिअॅक्शन पूर्ण झालेली होती.

पण पूर्ण सपाट झालं नव्हतं. ३४२० च्या जवळ एक चिमुकला, बऱ्यापैकी अरुंद खड्डा उरला होता. ती पुन्हा घाबरली. हा O–H नव्हे. १७१३ ची दुप्पट करा: ३४२६. कार्बोनिलच्या कंपनाचा हा दुप्पट सूर, ओव्हरटोन. शुद्ध कीटोनमध्येही तो दिसतो. तो नेहमी फिका असतो आणि त्याला दरीचा पसरटपणा नसतो. मोठ्या विहिरीच्या जोडीला दुप्पट आकड्यावर एवढासा खड्डा दिसला तर तो कार्बोनिलच्याच खात्यात मांडायचा.

त्याच बॅचच्या दुसऱ्या टेबलावर उलटं झालं. मॅग्नेशियम सल्फेट घातलं, गाळलं, तरी दरी तशीच, आणि १०६८ ला खड्डा स्पष्ट. तिथे मात्र सायक्लोहेक्झॅनॉल शिल्लक होतं. हायपोक्लोराइट जुनं असलं की असं होतं, बाटलीत पडून त्याची ताकद कमी होते.

आता एटीआर या आयआर काढायच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट, कारण नमुना ज्यांच्यात धरायचे त्या मिठाच्या चकत्या आता बहुतेक ठिकाणी नसतात. हिऱ्याच्या छोट्या स्फटिकावर एक थेंब टाकायचा आणि स्कॅन सुरू. सोय मोठी आहे, पण एटीआरमध्ये प्रकाश नमुन्यात किती खोल शिरतो हे तरंगलांबीवर अवलंबून असतं. ३४०० ला तो १७०० च्या साधारण निम्माच खोल जातो. म्हणून एटीआरच्या ग्राफमध्ये O–H ची दरी खऱ्यापेक्षा उथळ दिसते. जुन्या पुस्तकातला, चकत्यांवर काढलेला ग्राफ शेजारी ठेवून 'आपल्यात अल्कोहोल कमी आहे' असं म्हणणं चुकीचं ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये एटीआर करेक्शन असतं, ते लावून मग तुलना करावी.

याच स्फटिकावर दुसरी फसवणूकही होते. स्फटिक पुसायला अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. नीट वाळायच्या आत नमुना टाकला तर अॅसिटोनची विहीर १७१५ ला, म्हणजे बरोब्बर सायक्लोहेक्झॅनोनच्या जागी. आयसोप्रोपिल अल्कोहोल राहिलं तर ३३४० ला दरी. दोन्ही खोट्या, आणि दोन्ही तुम्ही जे शोधताय तेच दाखवणाऱ्या. संशय आला तर थेंब तसाच उघडा ठेवून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा स्कॅन करा. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, ते झपाट्याने उडून जातं आणि विहीर डोळ्यांदेखत भरून येते. सायक्लोहेक्झॅनोनची विहीर एवढ्या वेळात फारशी हलत नाही. आणि नमुन्याआधी कोऱ्या स्फटिकाची बॅकग्राउंड घेतानाच त्यावर अॅसिटोन राहिलं असेल तर १७१५ ला रेघ खाली जायच्या ऐवजी वर उसळते. असं उलटं पीक दिसलं की नमुन्याला दोष देऊ नका, बॅकग्राउंड पुन्हा घ्या.

आता उरतो तो एकच अवघड प्रसंग: विहीर आणि दरी दोन्ही खऱ्या आहेत, पाणी नाही, पुसण्याचं द्रावक नाही. तेव्हा आधी दरीचा आकार बघा. ती ३३०० पासून पार २५०० पर्यंत पसरली असेल, C–H ची २९०० जवळची पिकं तिच्यात अर्धी बुडालेली असतील, तर ते कार्बोक्झिलिक आम्ल. त्यात C=O आणि O–H एकाच कार्बनवर असतात आणि दोन रेणू एकमेकांना जोडीने घट्ट धरतात, म्हणून दरी इतकी रुंद. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये हे अॅसिटिक आम्ल नीट धुतलं गेलं नाही की दिसतं. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुतलं की ते जातं.

दरी मात्र ३२०० ते ३५५० मध्येच राहिली, तर दोन शक्यता. एक, कीटोन आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. दोन, एकाच रेणूवर दोन्ही गट. यातलं कुठलं हे आयआर साधारणपणे सांगू शकत नाही. तो बंध मोजतो, पण ते बंध एकाच रेणूत आहेत की वेगवेगळ्या, हे त्याला दिसत नाही. २,४-डीएनपी टाकून नारिंगी-पिवळा साका आला तरी कार्बोनिल आहे एवढंच पुन्हा कळतं, आणि तेही अॅल्डिहाइड किंवा कीटोनचं. इथे गॅस क्रोमॅटोग्राफी करायची. सायक्लोहेक्झॅनॉल आणि सायक्लोहेक्झॅनोन योग्य कॉलमवर वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. दोन पिकं आली तर बाटलीत दोन पदार्थ आहेत.