"LG TV" हे मॉडेल नाही: टीव्हीचा खरा नंबर कुठे असतो आणि त्यातून काय काय कळतं

टीव्हीचं मॅन्युअल शोधणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो, "माझ्या टीव्हीचं मॉडेल LG TV आहे, मॅन्युअल मिळत नाही, काय करू?" आता हे नाव त्यांनी मनाने काढलेलं नसतं, लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की डिस्प्ले सेटिंगमध्ये खरंच तेवढंच लिहून येतं. कधी "SAMSUNG", कधी "SONY TV". आणि माणूस साहजिकच समजतो की मशीनने मशीनला विचारलंय म्हणजे उत्तर बरोबरच असणार. ते बरोबर का नसतं ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून आधी तीच सांगतो, मग खऱ्या नंबराकडे येऊ.

एचडीएमआयच्या वायरीत चित्र आणि आवाज नेणाऱ्या तारांशिवाय दोन बारीक तारा वेगळ्या असतात. त्यांच्यावरून लॅपटॉप टीव्हीला विचारतो, तू कोण आणि तुला काय काय दाखवता येतं? टीव्ही उत्तर म्हणून बाइटची एक छोटीशी चिठ्ठी देतो, तिला म्हणतात इडीआयडी (EDID). हे १९९४ पासून चालू आहे, तेव्हा कॉम्प्युटरच्या मॉनिटरसाठी ठरवलेलं, आणि मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची. टीव्ही त्याला आणखी एखादं पान जोडतो पण सुरुवात तीच.

पहिले आठ बाइट ठरलेले, त्यांच्यावरून फक्त "इथून चिठ्ठी सुरू" एवढंच कळतं. पुढच्या दोन बाइटमध्ये कंपनीचं नाव. दोन बाइटमध्ये तीन अक्षरं कशी बसवली बघा. दोन बाइट म्हणजे १६ बिट. पहिला बिट शून्य ठेवायचा, उरलेल्या १५ बिटांचे पाच-पाचचे तीन गट करायचे. पाच बिटांत ३२ आकडे होतात आणि इंग्रजी अक्षरं २६च, म्हणजे A ला १, B ला २ असं आरामात बसतं. एलजीच्या टीव्हीत हे दोन बाइट 1E 6D असतात, ते असे उलगडतात:

```
1E 6D = 0001 1110 0110 1101
0 | 00111 | 10011 | 01101
      7      19      13
      G       S       M
```

GSM म्हणजे गोल्डस्टार, कंपनीचं जुनं नाव, तो कोड अजून चालूच आहे. असंच सॅमसंगचं 4C 2D येतं, त्याचे गट स्वतः पाडून बघा, SAM निघतं. थोडं पुढे एक बाइट वर्षाचा आहे, त्यात १९९० मिळवायचे. 1F असेल तर ३१, म्हणजे २०२१.

इतकं सगळं शिस्तीत असताना मॉडेलचं काय? नावासाठी तिथे १३ अक्षरांची जागा आहे. OLED55C1PTZ हा पूर्ण नंबर ११ अक्षरांचा, म्हणजे तो बसला असता! पण कंपन्या बहुतेक वेळा एकच चिठ्ठी कितीतरी मॉडेलमध्ये भरतात, ४८ इंचीलाही तीच आणि ७७ इंचीलाही तीच, म्हणून नाव मोघम ठेवतात. याचा पुरावा त्याच चिठ्ठीत सापडतो. तिच्यात स्क्रीनची लांबी-रुंदीसुद्धा असते आणि बऱ्याच टीव्हींमध्ये ती १६० बाय ९० सेंटीमीटर लिहिलेली दिसते. पायथागोरस लावला तर कर्ण येतो साधारण १८४ सेंटीमीटर म्हणजे ७२ इंच. समोर ५५ इंची टीव्ही, ज्याची स्क्रीन जेमतेम १२२ बाय ६८ सेंटीमीटर, आणि तो लॅपटॉपला सांगतोय मी ७२ इंची! तर आकारही मोघम, नावही मोघम, आणि वर्षसुद्धा बऱ्याचदा तुमच्या पीसचं नाही तर त्या चिठ्ठीचं. लिनक्स असेल तर ही चिठ्ठी स्वतः वाचता येते, कार्डचा आणि पोर्टचा आकडा आपापल्या मशीनप्रमाणे बदलून:

```
edid-decode /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid
```

मग खरा नंबर कुठे? टीव्हीच्या पाठीमागच्या लेबलवर. टीव्ही भिंतीवर असेल तर उतरवायची गरज नाही, मोबाइल फटीत सरकवून फ्लॅश लावून फोटो काढा आणि झूम करून वाचा. लेबलवर दोन लांबलचक नंबर शेजारी असतात, त्यातला Model हवा. Serial No. हा फक्त तुमच्या एका पीसचा असतो, वॉरंटीसाठी लागतो, तो टाकून मॅन्युअल शोधायला गेलात तर साधारणपणे काहीच मिळत नाही आणि फोटो कुठे टाकणार असाल तर तो झाकूनच टाका. रिमोटच्या पाठीवरचा नंबर रिमोटचा असतो, टीव्हीचा नाही, हीसुद्धा नेहमीची गल्लत.

मेनूतही मॉडेल दिसतं, सपोर्ट किंवा अबाउट या भागात. ते चालतं, पण एक अडचण आहे. हे नाव मेनबोर्डच्या मेमरीत असतं, आणि रिपेअरमध्ये बोर्ड बदलला असेल तर टीव्ही कधीकधी दुसऱ्याच मॉडेलचं नाव दाखवतो. लेबल आणि मेनू जुळत नसतील तर बोर्ड बदललेला असण्याची शक्यता धरा, आणि स्टँड, पॅनेल, ब्रॅकेटसाठी लेबलवरचाच नंबर घ्या.

आता OLED55C1PTZ हाच नंबर फोडू. OLED म्हणजे पॅनेलचा प्रकार, 55 म्हणजे इंच, C ही सिरीज, 1 म्हणजे २०२१ चं मॉडेल, आणि शेवटचं PTZ हे कुठल्या बाजारासाठी बनवला ते. वर्षाची ही खूण सरळ चालत नाही, C8 २०१८चा, C9 २०१९चा, मग २०२० ला CX, आणि त्यानंतर C1, C2, C3. लोक सिरीज आणि वर्षाची खूण सोडून "एलजी ५५ इंच ओलेड" एवढंच शोधतात आणि शेजारच्या वर्षाचं मॅन्युअल उघडून बसतात, कारण समोरून हे टीव्ही जवळपास सारखेच दिसतात. पण त्या एका आकड्याने काय फरक पडतो याचं उदाहरण म्हणजे डीटीएस हा आवाजाचा फॉरमॅट. C9 ला डीटीएस कळतो. CX, C1, C2 ला कळत नाही, एलजीने तो २०२० पासून काढला आणि C3 ला परत आणला. म्हणजे पेनड्राइव्हवरचा एखादा सिनेमा, ज्यात फक्त डीटीएस ऑडिओ आहे, तो C9 वर आवाजासकट चालेल आणि C1 वर चित्र दिसेल पण आवाज येणार नाही. माणूस स्पीकर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतो! मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या ऑडिओ फॉरमॅटचा तक्ता असतो, त्यात डीटीएस नसेल तर स्पीकरला हात लावू नका, फाइलमधला दुसरा ऑडिओ ट्रॅक निवडा किंवा ऑडिओ बदलून घ्या.

शेवटच्या PTZ या शेपटाचंही तसंच. हाच टीव्ही अमेरिकेत OLED55C1PUB नावाने विकला गेला. पॅनेल तेच, पण तिथे अँटेनाच्या प्रसारणाची पद्धत वेगळी त्यामुळे ट्यूनर वेगळा, म्हणून त्या मॅन्युअलमधली चॅनेल ट्यूनिंगची पानं तुमच्या मेनूशी जुळत नाहीत. पिक्चर सेटिंगसाठी शेपूट चुकलं तरी चालतं. ट्यूनर, फर्मवेअर आणि बोर्डासाठी पूर्ण नंबरच लागतो. काही लेबलांवर टिंब देऊन पुढे आणखी अक्षरं असतात, पार्ट मागवताना तीही द्यायची. टाइप करताना शून्य आणि O, आठ आणि B, पाच आणि S यांच्यात गोंधळ होतो, नंबर सापडत नसेल तर आधी हे तपासा.

मॅन्युअल कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्या, ते फुकट असतं. नंबर टाकल्यावर कार्ड मागणारी किंवा पीडीएफच्या नावाखाली प्रोग्रॅम डाउनलोड करायला लावणारी साइट दिसली की बंद करून टाका. आणि खोक्यावरच्या "HDMI 2.1" या ठप्प्याला भुलू नका. २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत, नियमात बसूनच एखादी कंपनी ४के १२० हर्ट्झ न देता तो ठप्पा मारू शकते. स्पेसिफिकेशनच्या पानावर कुठल्या पोर्टला काय येतं ते वाचायचं. C1 मध्ये चारही पोर्ट ४के १२० घेतात, पण टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी इएआरसीची सोय फक्त दोन नंबरच्या पोर्टवर आहे. साउंडबार दुसरीकडे खोचला तर वायर चांगली, बार चांगला आणि आवाज मात्र नाही.

इथे ती चिठ्ठी पुन्हा कामाला येते, कारण मॉडेल नंबरवरून कळतं टीव्हीला काय जमतं आणि चिठ्ठीवरून कळतं हा पोर्ट आत्ता काय कबूल करतोय, आणि हे दोन नेहमी एक नसतात. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टला एक सेटिंग असतं, एलजीत त्याच्या नावात Deep Colour, सोनीत Enhanced format, सॅमसंगमध्ये Input Signal Plus. ते बंद असेल तर टीव्ही जुनी, साधी चिठ्ठी पुढे करतो, जेणेकरून जुनी उपकरणं गोंधळू नयेत. प्लेअरला वाटतं टीव्ही जुना आहे आणि तो एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र, पाठवतच नाही. मॅन्युअलमध्ये एचडीआर लिहिलंय आणि स्क्रीनवर दिसत नाही, तर सोन्याच्या मुलाम्याची महाग केबल घ्यायच्या आधी हे सेटिंग बघा. मुलाम्याने गंज लागत नाही एवढंच, चित्र सुधारत नाही.

शेवटी भिंतीचा ब्रॅकेट. इथे इंच बघून घेऊ नका, मॅन्युअलमधल्या तक्त्यात वेसाचा आकडा आणि स्क्रूचं माप बघा. C1 च्या ५५ इंचीला ३०० बाय २००, म्हणजे मागची चार भोकं आडवी ३०० आणि उभी २०० मिलिमीटर अंतरावर, स्क्रू M6. फक्त ४०० बाय ४०० किंवा २०० बाय २०० ला बसणारा ब्रॅकेट इथे उपयोगाचा नाही. स्क्रूची लांबीही तक्त्यातलीच, लांब स्क्रू आतल्या बोर्डापर्यंत जाऊ शकतो आणि आखूड असेल तर आटे पुरेसे धरत नाहीत. आणि या ओलेडचा वरचा भाग काही मिलिमीटर जाडीचा, सगळं इलेक्ट्रॉनिक्स खालच्या जाड भागात, त्यामुळे ती चार भोकंही खालीच येतात, टीव्हीच्या मधोमध नाही. ब्रॅकेट डोळ्यांच्या उंचीवर ठोकलात तर टीव्ही त्याच्या बराच वर जातो. मॅन्युअलमधल्या किंवा सपोर्ट पानावरच्या मापाच्या आकृतीत भोकांपासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर दिलेलं असेल तर तेवढं मोजून, नसेल तर टीव्ही आडवा ठेवून स्वतः टेपने मोजून, मगच भिंतीवर पेन्सिलची खूण करा.